लाल चांदणीची चौकट

कीबोर्डवर डाव्या हाताची बोटं सहज टेकवली की त्यांच्याखाली चार इंग्रजी अक्षरं येतात. ए, एस, डी, एफ. फॉर्मनं नको ते विचारलं की लोक ही चार अक्षरं बडवतात आणि पुढे जातात. नाव एएसडीएफ, गाव एएसडीएफ, ईमेल एएसडीएफ ॲट जीमेल. मोबाईलच्या जागी दहा वेळा नऊ. मी लातूरला औसा रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात लोकांनी भरलेले असले फॉर्म निवडायचं, खरे-खोटे वेगळे करायचं काम करते, त्यामुळे एएसडीएफ या माणसाशी माझी ओळख माझ्या सख्ख्या चुलतभावांपेक्षा जुनी आहे.

आमचे मालक मल्लिनाथ सर अशा लोकांवर चिडतात. म्हणतात, फुकट परीक्षा देऊन राहिलो, चार ओळी नीट भरायला यांचे हात दुखतात. मला तसं वाटत नाही. दारात आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी जर कोणी बापाचा पगार विचारला, तर पाहुणा काहीतरी ठोकून देणारच. तो खोटारडा नसतो, त्याला फक्त आत यायचं असतं. हे मी सरांना अनेकदा सुनावलंय. माझा आवाज जरा चढा आहे, असं ऑफिसात सगळे म्हणतात. असू दे. औशाहून रोज उभ्यानं बसमध्ये येणाऱ्या बाईचा आवाज चढाच असतो.

या जूनमध्ये नांदेडच्या रामलिंग सरांच्या क्लासचं काम आमच्याकडे होतं. दहावी झालेल्या मुलांसाठी त्यांनी एक मोफत ऑनलाइन परीक्षा ठेवली होती. घरी बसून मोबाईलवर पेपर सोडवायचा. शनिवारी संध्याकाळी साइटवर निकाल, त्यातल्या पहिल्या दहांना फोन करून रविवारी नांदेडला बोलवायचं, तिथं समोर बसवून पुन्हा एक छोटा पेपर घ्यायचा आणि जो पहिला येईल त्याची दोन वर्षांची शिकवणी, राहणं, जेवण सगळं मोफत. अशी जागा एकच होती. बाकीच्यांना फक्त प्रमाणपत्र आणि टाळ्या.

परीक्षा मोफत असली तरी फॉर्म फुकटचा नव्हता. जवळजवळ प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर लाल चांदणी होती. लाल चांदणी म्हणजे ही चौकट भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वडिलांचा मोबाईल, वडिलांचा व्यवसाय, वडिलांचं उत्पन्न, ईमेल. हे सगळं रामलिंग सरांच्या मागणीप्रमाणे होतं, कारण परीक्षा झाल्यावर त्यांच्या ऑफिसातल्या मुली प्रत्येक बापाला पैसे भरून ॲडमिशन घ्या म्हणून फोन करणार होत्या. शाळेचं नाव मात्र कुठंच विचारलं नव्हतं. शाळेला फोन करून कोण ॲडमिशन घेतं?

हे मुलांना कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वतः एकदा दहावीत बसून बघावं. ढिगानं एएसडीएफ आले.

शनिवारी सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा सत्यम निकालाची यादी साफ करत होता. सत्यम आमचा प्रोग्रॅमर. पोरगा हुशार आहे पण आळशी, आणि स्वतःच्या आळसाला तो शॉर्टकट म्हणतो.

"वर्षाताई, कचरा काढून टाकला," तो म्हणाला. "नावाच्या तीन चौकटींत कुठंबी एएसडीएफ दिसलं, नाहीतर मोबाईलमधे सगळे आकडे एकसारखे दिसले, की ती एंट्री टेस्ट म्हणून बाजूला. एका झटक्यात झालं."

"टेस्ट म्हणून का?"

"आपल्याच असतेत की त्या. फॉर्म चालतोय का बघायला मी रोज चार-दोन भरून राहिलो होतो. मी एएसडीएफच लिवतो."

म्हणजे असं होतं. आमच्या धंद्यात फॉर्म तपासायला आम्ही स्वतःच खोटी नोंद करतो, आणि आमची खोटी नोंद आणि पोरांची खोटी नोंद दिसायला अगदी सारखी. सत्यमसाहेबांनी चालू साइटवरच तपासणी केली होती, वेगळी खूण ठेवली नव्हती, कोणत्या कनेक्शनवरून फॉर्म आला हेही साठवलं नव्हतं. आता एकाच फडक्यानं त्यानं आपलं उष्टं आणि पाहुण्यांची ताटं दोन्ही पुसली होती.

मला एक सवय आहे. आई जोंधळे निवडायची तेव्हा सुपातून खाली पडलेलंही एकदा हातानं चाळायची, मगच कोंबड्यांना टाकायची. मीही वगळलेल्या नोंदी बघितल्याशिवाय फेकत नाही. त्या ढिगाला मी मार्कांप्रमाणे लावलं आणि चहाचा कप तसाच हातात राहिला.

वरून दुसऱ्या ओळीत एक नाव होतं. बुद्धप्रिया एएसडीएफ एएसडीएफ. वडिलांचा मोबाईल दहा वेळा नऊ, ईमेलही एएसडीएफ ॲट जीमेल. मार्क इतके, की स्वच्छ यादीतला पहिला मुलगा हिच्या खाली लागत होता.

"सत्यम, ही बुद्धप्रिया कोण?"

त्यानं मान वाकडी करून बघितलं. "माझीच असंल. मी टेस्टला कोणतंबी नाव टाकतो. तुमचं बी टाकलंय एकदा."

"आणि मार्क?"

"उत्तरं बरोबर मोजतंय का बघायला उत्तरांची यादी समोर ठेवून एक पेपर सोडवला होता न्हवं मी. त्योच."

तेवढ्यात मल्लिनाथ सर आले. त्यांना सगळं सांगितलं तर ते हसले. "सत्यमला फुकट शिकवणी मिळाली म्हणायची. काढून टाक ते."

"ही सत्यमची नाही, सर," मी म्हणाले.

"कशावरून?"

आता इथं माझ्या आवाजाचा उपयोग होतो. मी सत्यमच्या पक्क्या वाटणाऱ्या सगळ्या नोंदी पडद्यावर आणल्या, ऑफिसच्या वेळात एकापाठोपाठ एक भरलेल्या, आणि सरांना शेजारी बसवलं. सत्यम जिथं टाइप करायचं तिथं एएसडीएफ लिहितो आणि जिथं यादीतून निवडायचं तिथं पहिलं जे येईल ते दाबतो. तालुक्यांची यादी अर्धापूरपासून सुरू होते, म्हणून सत्यमच्या सगळ्या पोरी अर्धापूरच्या. माध्यम पहिलं, गट पहिला, वसतिगृह हवं का, तर पहिलं 'नाही'. त्याला बोट खाली सरकवायचाही कंटाळा.

"ही बघा. तालुका मुखेड. यादीत किती खाली आहे ते बघा. माध्यम मराठी. वसतिगृह हवं. पेपरला पूर्ण वेळ घेतलाय आणि दोन उत्तरं चुकली आहेत. सत्यमसमोर उत्तरांची यादी होती. तो चुकला असता का?"

"न्हाई चुकणार," सत्यम स्वतःच बोलला. त्याचा चेहरा उतरला होता. "आन् मी अर्ध्या मिनटात सोडवला होता. ती हिच्या वर हाय बघा, माझी."

वर खरंच होती. सगळी उत्तरं बरोबर, तालुका अर्धापूर. तिचं नाव त्यानं वर्षाराणी ठेवलं होतं.

"माणूस खोटं कुठं लिहितो ते बघा, सर," मी म्हणाले. "जे तुम्हाला हवं असतं तिथं. जे त्याला हवं असतं तिथं तो खरंच लिहितो. हिला वसतिगृह हवंय. ही खरी मुलगी आहे."

मल्लिनाथ सर चिडके असले तरी आडमुठे नाहीत. त्यांनी तिथूनच नांदेडला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रामलिंग सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मल्लिनाथ, ज्याला फोन लागत नाही तो पहिला कसा? उद्या सकाळी मला दहा पोरं समोर पाहिजेत. ही पोरगी आणून दाखवा, मी बसवतो. नाही आली तर अकराव्याला बोलवा आणि विषय संपवा."

म्हणजे आता एवढंच होतं. मुखेड तालुक्यात कुठंतरी एक बुद्धप्रिया होती, तिची जागा आज रात्रीपर्यंत तिची होती, आणि आमच्याकडे तिचा नंबर नव्हता. फॉर्मनं तिच्याकडे बापाची चौकशी चार प्रकारे केली होती आणि तिच्या स्वतःच्या फोनसाठी चौकट एकही ठेवली नव्हती.

"मुखेडमधे कुणाला विचारावं का?" सत्यम म्हणाला. "आठवडी बाजारात दवंडी देऊ."

"गप," मी म्हणाले. "ती स्वतःच येणार आहे. निकाल बघायला."

मुलांना निकाल बघायचा तर अर्ज क्रमांक आणि त्यांनी स्वतः ठेवलेला पासवर्ड टाकून आत यावं लागणार होतं. सत्यमनं वगळलेल्यांना आत आल्यावर 'नोंद सापडली नाही' एवढंच दिसलं असतं. एवढे मार्क मिळवणारी पोरगी ते वाचून गप्प घरी बसली असती आणि आम्हाला कधी कळलंही नसतं. या विचारानं माझं डोकं असं तापलं, की मी सत्यमला उठवून त्याच्या खुर्चीत बसले.

मी त्याला दोन कामं सांगितली. एक म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदी सोडून वगळलेल्या सगळ्या परत आण, प्रत्येकाला त्याचे मार्क दिसू देत. दुसरं म्हणजे मार्कांच्या खाली एकच चौकट ठेव. तिच्यावर लाल चांदणी नको. आकडेच पाहिजेत, इंग्रजीच पाहिजे, इतकीच अक्षरं पाहिजेत, असली कसलीही अट नको.

"आन् वर काय लिवू?"

मी सांगितलं, त्यानं लिहिलं. 'आमच्याशी बोलायचं असेल तर इथं लिहा. नसेल तर रिकामं ठेवा.' आणि पहिल्या दहांना आणखी एक ओळ. 'उद्या सकाळी नांदेडला दुसरा पेपर आहे. तुम्ही त्यासाठी निवडले गेला आहात.'

मल्लिनाथ सरांनी मागून वाचलं. "रिकामं ठेवा म्हणून तूच सांगतेस? मग कोण भरेल?"

"जिथं रिकामं ठेवता येतं, तिथंच लोक खरं लिहितात."

हे मी फार ठामपणे म्हणाले. खरं म्हणजे ते मला तेव्हाच सुचलं होतं आणि खरं ठरेल की नाही याची काहीच खात्री नव्हती. पण एकदा बोलले की मी मागे घेत नाही, त्यामुळे ते खरं ठरणं आता भाग होतं.

संध्याकाळी निकाल लागला. आम्ही तिघं एका पडद्यासमोर बसलो. मुलं धडाधड आत येऊ लागली आणि ती रिकामी चौकट भरू लागली. फॉर्ममध्ये ज्यांनी दहा वेळा नऊ लिहिले होते, त्यांनी आज खरे नंबर लिहिले. एकानं लिहिलं, 'नंबर देतो पण फक्त रविवारी करा, इतर दिवशी फोन बाबांकडे असतो.' एकीनं लिहिलं, 'फॉर्ममध्ये माझं नाव चुकीचं आहे, सॉरी, खरं नाव शिल्पा.' एका महाभागानं तिथंही एएसडीएफ लिहिलं होतं. सवयीला इलाज नाही. मल्लिनाथ सर वाचत होते आणि मधूनच चष्मा पुसत होते. एवढे खरे नंबर त्यांनी एका जागी कधी बघितले नव्हते.

मग मुखेडची ओळ हलली. बुद्धप्रिया आत आली होती. तिनं मार्कांचं पान उघडलं.

आम्ही तिघंही पडद्याकडे वाकलो. ती ते पान बघून गेली. चौकट रिकामी होती.

"गेली," सत्यम म्हणाला.

सर माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत टोमणा नव्हता, कीव होती, आणि ती मला जास्त लागली. मला त्या पोरीचाच राग आला. अगं, इतकी ओळ लिहून तुला बोलावलं, आणि तू खरंच रिकामं ठेवून गेलीस? पण लगेच वाटलं, तिनं चुकीचं काय केलं? मी म्हटलं होतं, नसेल बोलायचं तर ठेवा. तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. तो शब्द खरा आहे का, एवढंच ती बघून गेली असेल. चौकट रिकामी ठेवूनही फॉर्म ओरडत नाही, हे तिनं बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असेल.

"थांबा," मी म्हणाले. "ती परत येते."

सरांनी अकराव्या मुलाचा नंबर काढून ठेवला. सत्यमनं खालून भजी आणली, ती थंड झाली. मला औशाची बस निघून जायची काळजी होती आणि नव्हतीही.

ती परत आली. आणि या वेळी चौकटीत अक्षरं उमटली. नंबर नव्हता. देवनागरीत एकच ओळ होती.

'वडिलांचं नाव परत विचारणार का?'

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग सत्यम हळूच म्हणाला, "म्हणून एएसडीएफ."

मल्लिनाथ सर म्हणाले, "रामलिंगच्या ॲडमिशनच्या कागदावर विचारणारच की. तिथं ती चौकट आहे. आपण कसं सांगणार? त्यांना विचारून..."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर रामलिंग सरांनी उद्या बघू म्हटलं असतं, आणि त्या पोरीला 'उद्या बघू' आयुष्यभर पुरेल इतकं मिळालेलं असणार. मी सत्यमला म्हटलं, तिच्या पानावर एक शब्द टाक. त्यानं सरांकडे बघितलं. सरांनी भिंतीकडे बघितलं. सत्यमनं टाकला.

'नाही.'

खाली मी माझं नाव लिहायला लावलं, वर्षाराणी. वचन दिलं तर ते कोणाचं आहे हे समोरच्याला कळलं पाहिजे.

लगेचच चौकटीत दहा आकडे आले. एकही नऊ नव्हता. फोन मीच लावला. एका बाईनं उचलला, आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "वर्षाराणी मॅडम का? मी धुरपता. पोरगी म्हणून राहिली की मॅडमनं नाही म्हणलंय. खरं हाय का?"

"खरं आहे," मी म्हणाले. "सकाळच्या पहिल्या बसनं या."

रविवारी मल्लिनाथ सरांच्या गाडीतून आम्ही नांदेडला गेलो. वाटेतलं लोहा गाव मागे पडलं तसा माझा ठामपणा जरा पातळ होऊ लागला. दुसऱ्याच्या क्लासच्या वतीनं मी वचन देऊन बसले होते. सर वाटभर एकदाच बोलले. "तू ऑफिस चालवतेस की मी, हे एकदा ठरवू आपण."

"परत येताना ठरवू," मी म्हणाले.

क्लासच्या पायऱ्यांवर मायलेकी आधीच उभ्या होत्या. धुरपताबाई मुखेडच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक होत्या, हे त्यांनी ओळख करून देतानाच सांगितलं. निळ्या काठाची पांढरी साडी, खांद्याला पर्स, हातात कागदांची जाड फाईल. बुद्धप्रिया बारीक, उंच, आणि बघायची ती थेट डोळ्यांत. मला वाटलं होतं कोणीतरी बुजरी पोर असेल. तसं काही नव्हतं.

पेपर झाला. दहा मुलं, एक खोली, समोर स्वतः रामलिंग सर. तपासणी तिथंच झाली. बुद्धप्रिया पहिली आली, आणि दुसऱ्यात आणि तिच्यात काल होतं त्यापेक्षा जास्त अंतर होतं. रामलिंग सर खूष होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना आपल्या केबिनमध्ये बोलावलं, चहा सांगितला आणि प्रवेशाचा छापील कागद स्वतः पुढे ओढला.

"बस बाळा. कार्यक्रमात नाव पुकारायचंय, फ्लेक्सवर छापायचंय. पूर्ण नाव सांग. बुद्धप्रिया... वडिलांचं नाव?"

बुद्धप्रियानं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी हातातला चहा टेबलावर ठेवला. मग मी पुढे झाले आणि कागदावरच्या त्या चौकटीवर हात ठेवला. "सर, हे तिला विचारायचं नाही असं मी तिला काल लिहून दिलंय."

"तुम्ही?" रामलिंग सरांच्या भुवया वर गेल्या. "क्लास माझा आहे, मॅडम."

"क्लास तुमचा आहे. शब्द माझा आहे. आणि तुमची पहिली त्या शब्दावर इथं आली आहे. तुमच्या फॉर्मवर नाही आली."

मल्लिनाथ सर घसा खाकरून म्हणाले, "ती आमच्या ऑफिसच्या वतीनं बोलतेय." मला हे अपेक्षित नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते चहात बिस्कीट बुडवत होते.

रामलिंग सर बुद्धप्रियाकडे वळले. रागावले नव्हते, पण त्यांना कोडं पडलं होतं. "बाळा, नाव माहीत नाही का?"

"माहीत हाय, सर. ते गावातच राहतेत. पण आमचा त्यांचा काही संबंध न्हाई. माझ्या दाखल्यावर आईचं नाव हाय."

"मग खरं ते लिहायचं. हे एएसडीएफ कशाला?"

"लिवलं होतं, सर." ती अगदी शांतपणे बोलत होती. "आधी रिकामं ठेवलं. फॉर्म पुढं जाईना. मग बारकी रेघ मारली. ती घेतली न्हाई. मग 'नाही' लिवलं, तर म्हणलं फक्त इंग्रजी अक्षरं लिहा. इंग्रजीत एन ए लिवलं, तर म्हणलं कमीत कमी तीन अक्षरं पाहिजेत. मग एएसडीएफ लिवलं." ती थांबली. "ते घेतलं."

सत्यम बरोबर आला असता तर त्यानं जमिनीकडे बघितलं असतं. तो नव्हता, म्हणून मी बघितलं.

"तिथं आईचंच नाव टाकायचं होतंस," रामलिंग सर म्हणाले.

"तिथं वडिलांचं नाव असं लिवलेलं होतं, सर. आईचं नाव टाकलं असतं तर तुमच्या लोकांनी धुरपताबाईला वडील समजून फोन केला असता."

धुरपताबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी फाईल उघडली आणि शाळेचा दाखला सरांपुढे सरकवला. "सर, मी बी दिवसभर लोकांचे कागदच बघून राहिले. चौकट चुकली की माणूसच चुकलं असं म्हणायची आमच्या हापिसात रीत हाय. माझ्या लेकीचा कागद बघा, त्याच्यात काही चुकलेलं न्हाई."

रामलिंग सरांनी दाखला वाचला. नाव: बुद्धप्रिया धुरपताबाई. बास, एवढंच. त्यांनी तो पुन्हा वाचला. मग खिशातलं पेन काढलं आणि छापील कागदावर 'वडिलांचं' हा शब्द सरळ रेघ मारून खोडला. वर स्वतःच्या अक्षरात 'आईचं' लिहिलं.

"उद्या आमच्या फॉर्मचं काय करता ते बघा," ते मला म्हणाले, "हे पेनानं रोज खोडायला मला वेळ नाही."

"चांदणी आजच काढते," मी म्हणाले, आणि तिथूनच सत्यमला फोन करून काढायला लावली.

दुपारी खालच्या सभागृहात कार्यक्रम झाला. नांदेड-लातूरकडची पोरं, त्यांचे आईबाप, मागे उभे राहिलेले काका-मामा. मी शेवटच्या रांगेत होते. मायलेकी मधल्या रांगेत बसल्या होत्या, धुरपताबाईंनी फाईल मांडीवर धरली होती. आधी दहावं नाव, मग नववं, असं करत करत रामलिंग सर वर येत गेले. प्रत्येक नावाबरोबर बापाचं नाव येत होतं आणि रांगेतला एकेक बाप खुर्चीत जरासा ताठ होत होता. दुसऱ्या नंबरचा मुलगा स्टेजवरून उतरला. सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"पहिली," ते म्हणाले. "बुद्धप्रिया धुरपताबाई."

धुरपताबाईंना हापिसात नाव पुकारलं की उठायची सवय असेल. दोघी एकदमच उठल्या.